पत्रलेखा बोलता बोलता थांबली तिथून

उज्जयिनीच्या राजवाड्यात पत्रलेखा राजपुत्र चंद्रापीडाला सगळी हकिगत सांगते आहे. ती नुकतीच हेमकूटाहून परतली आहे. तिथे कादंबरी या गंधर्वराजकन्येने तिच्यापाशी मन मोकळे केले होते. कादंबरी काय म्हणाली, कशी म्हणाली, हे पत्रलेखा शब्दाशब्दाने सांगत असते, आणि ते बोलणे ऐन रंगात आलेले असताना बाणभट्टाचा मजकूर थांबतो. प्रकरण संपलेले नाही, प्रसंग संपलेला नाही, बोलणारीचे बोलणेही पुरे झालेले नाही. सातव्या शतकातला, हर्षवर्धनाच्या पदरी असलेला संस्कृतचा सर्वांत मोठा गद्यलेखक आपले सर्वांत मोठे काम अर्ध्यावर टाकून गेला. पुढची गोष्ट त्याच्या मुलाने लिहिली.

आपण मराठीत प्रत्येक लांब गोष्टीला ज्या पुस्तकाचे नाव दिले आहे ते पुस्तक असे दोन हातांचे आहे, हे फार जणांच्या ध्यानात नसते. संस्कृत घेतलेल्यांनाही बहुधा ‘शुकनासोपदेश’ आठवतो, म्हणजे राजपुत्राला म्हातारा प्रधान जे चार शब्द ऐकवतो तो भाग, आणि तो बापाच्या अर्ध्यातला. मुलाच्या भागाला ‘उत्तरभाग’ म्हणतात. मुलाचे नाव काही हस्तलिखितांत भूषण आहे, काहींत पुलिंद. बापाच्या गोष्टीला शेवट देणाऱ्याचे स्वतःचे नावसुद्धा धड राहिले नाही.

दुसऱ्याची अर्धी गोष्ट पुरी करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. कारण इथे सांधा कुठे आहे ते पक्के ठाऊक आहे. सांध्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येते.

संस्कृतच्या वर्गांतून एक दंतकथा फिरत असते. मरणपंथाला लागलेल्या बाणाने आपल्या दोन मुलांना बोलावले आणि समोरचे वाळलेले झाड दाखवून म्हणाला, याचे वर्णन करा. एकाने ‘ष्क’, ‘ष्ठ’, ‘ग्र’ अशी जोडाक्षरे कडाकडा मोडत वाक्य केले. दुसऱ्याने तेच झाड न, र, स, ल अशा मऊ अक्षरांत, झुळझुळत सांगितले. बाणाने कादंबरी दुसऱ्याच्या हाती दिली. गोष्ट खरी असण्याचे कारण नाही, पण परीक्षा विचार करण्यासारखी आहे. एक तर पहिल्या मुलाचे काही चुकले असे मला वाटत नाही. वाळके झाड खडखडीतच असते, आणि त्याच्या वाक्यात ते लाकूड ऐकू येते. दुसरे म्हणजे, या परीक्षेत फक्त आवाज तपासला गेला. पुढे गोष्ट कुठे जाणार, हे बाणाने कोणालाच विचारले नाही. दंतकथा रचणाऱ्यांना वाटले असावे की अवघड काम आवाजाचे, कथानक काय, आपोआप होईल.

खुद्द मुलाचे म्हणणे वेगळे होते. उत्तरभागाच्या आरंभी त्याने काही श्लोक घातले आहेत. वडील स्वर्गाला गेले, त्यांच्या वाणीबरोबर कथेचा ओघही तुटला, ती अपुरी राहिल्याचे दुःख सज्जनांना होत होते म्हणून मी हात घातला, कवित्वाच्या घमेंडीने नव्हे, असे तो सांगतो. इथपर्यंत रीतीचा विनय झाला. पण पुढे तो एक कामाची गोष्ट सांगून जातो. फळ पोटात असलेली बियाणी पेरणाऱ्यानेच पेरली होती, त्याच्या मुलाने ती नुसती गोळा केली, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे कथानक माझे नाही, वडिलांचे आहे. हा दावा तपासून पाहता येतो, कारण पेरणी झालेले रान आपल्यासमोर आहे.

त्यासाठी कथा थोडी मागून घ्यावी लागेल. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते. पोपट उजवा पाय उचलून राजाची स्तुती करतो आणि मग आपली जन्मकथा सांगू लागतो. विंध्याच्या रानात शाल्मलीच्या ढोलीत तो जन्मला, शबरांच्या शिकारीत त्याचा बाप मेला, आणि त्याला जाबाली ऋषींच्या आश्रमात आणण्यात आले. ऋषींनी पिलाकडे पाहिले आणि म्हणाले, हा आपल्याच गैरवर्तनाचे फळ भोगतो आहे. सगळ्यांनी विचारले, कसे? तेव्हा जाबालींनी चंद्रापीडाची मोठी कथा सुरू केली. त्या कथेत चंद्रापीड शिकारीच्या नादात अच्छोद सरोवरापाशी पोचतो. तिथे त्याला तपस्विनी महाश्वेता भेटते. तिचा प्रियकर पुंडरीक विरहाने चांदण्या रात्री मेलेला आहे, आणि चंद्रबिंबातून उतरलेला कोणी दिव्य पुरुष त्याचे प्रेत उचलून, ‘तुमची पुन्हा भेट होईल’ असे सांगून वर गेला आहे. महाश्वेतेची मैत्रीण कादंबरी. चंद्रापीड आणि कादंबरी यांची मने जुळतात तोच बापाचे पत्र येते आणि त्याला उज्जयिनीला परतावे लागते. मागून पत्रलेखा येते, सांगू लागते, आणि मजकूर तुटतो.

आता हा तुटलेला मजकूर मुलाच्या हातात आला तेव्हा त्याची पहिली अडचण भावनेची नव्हती, बांधकामाची होती. जे वाक्य पुढे न्यायचे ते कादंबरीचे. ते पत्रलेखा चंद्रापीडाला सांगते आहे. पत्रलेखा सांगते आहे हे जाबाली आश्रमातल्या मंडळींना सांगत आहेत. जाबालींनी जे सांगितले ते पोपट शूद्रकाला सांगतो आहे. आणि पोपटाचे बोलणे लेखक आपल्याला सांगतो आहे. एकात एक चार तोंडे उघडी आहेत, आणि ती आतून बाहेर एकेक करून बंद झाल्याशिवाय गोष्ट संपू शकत नाही. शिवाय प्रत्येक तोंडाला माहितीची मर्यादा आहे. जाबाली त्रिकालज्ञ असले तरी त्यांना सांगायचे आहे ते एवढेच, की हे पिलू पोपट का झाले. आश्रम सोडल्यानंतरचे पोपटच सांगू शकेल. आणि आपल्याला दरबारात का आणले गेले, हे तर पोपटालाही ठाऊक नाही.

यातूनच कथानकाची निम्मी दिशा ठरून जाते. जाबालींची कथा चंद्रापीडाची असली, तरी तिचे निमित्त पोपट आहे. तेव्हा त्या कथेत असा कोणीतरी माणूस हवा जो गैरवर्तन करील आणि पोपटाच्या जन्माला जाईल. पोपटाचे नाव बापानेच सांगून ठेवले आहे, वैशंपायन. चंद्रापीडाच्या जिवलग मित्राचे, प्रधानपुत्राचे नावही वैशंपायनच. तो या वेळी कुठे आहे? चंद्रापीड घाईने उज्जयिनीला निघाला तेव्हा सैन्य घेऊन सावकाश ये म्हणून मागे ठेवलेला आहे. म्हणजे पात्र मोकळे आहे आणि ते अच्छोद सरोवराच्या बाजूला आहे. इतक्या खुणा केल्यावर मुलाने दुसरे काही लिहिले असते तरच नवल.

अर्धी कथा पुढे नेणाऱ्याने आधी करायचे काम हे असते. कल्पना लढवण्याआधी पहिल्या लेखकाची उधारीची वही उघडायची आणि त्याने वाचकाला काय काय देणे लावले आहे ते वाचून काढायचे. बाणाच्या वहीत नोंदी पुष्कळ आहेत. चंद्रापीडाच्या जन्माआधी राजाला स्वप्न पडते, राणीच्या मुखात चंद्र शिरतो आहे. त्याच सुमारास प्रधानाला स्वप्न पडते, आपल्या पत्नीच्या मांडीवर कोणी तेजस्वी पुरुष शुभ्र कमळ ठेवतो आहे. शुभ्र कमळाला संस्कृतात पुंडरीक म्हणतात, आणि पुंडरीक नावाचा तरुण पुढे शंभर पानांनी मरायचा आहे. चंद्रापीडाला इंद्रायुध घोडा मिळतो तेव्हा तो त्याच्याकडे पाहून मनाशी म्हणतो, हा कोणी शापभ्रष्ट महात्मा असावा, आणि पाठीवर बसण्याआधी त्या घोड्याची क्षमा मागतो. शूद्रक राजा तर पहिल्याच पानांत येतो. तरुण, देखणा, सगळे हाताशी असलेला, आणि तरीही स्त्रियांविषयी विरक्त. ही विरक्ती बाणाने नुसती सांगून सोडून दिली आहे.

आता मुलाने केलेली जुळणी बघा. वैशंपायन सरोवरापाशी येतो आणि वेड लागल्यासारखा तिथेच घुटमळतो. महाश्वेतेला पाहून तिच्या मागे लागतो, ती नको नको म्हणत असतानाही ऐकत नाही. ती त्याला शाप देते, पोपटासारखा तेच तेच बडबडतोस, जा, पोपट हो. तो जागीच मरून पडतो, आणि हा चंद्रापीडाचा मित्र होता हे तिला नंतर कळते. मित्राच्या शोधात आलेला चंद्रापीड हे ऐकतो आणि त्याचे काळीज फुटते. कादंबरी येते ती प्रेतापाशीच. तेवढ्यात आकाशवाणी होते, देह जपून ठेवा. पत्रलेखा इंद्रायुधाला घेऊन सरोवरात उडी टाकते, आणि पाण्यातून वर येतो तो पुंडरीकाचा मित्र कपिंजल. घोडा तोच होता. त्याच्याकडून उलगडा होतो. पुंडरीकाने मरता मरता चंद्राला शाप दिला होता की तूही जन्मोजन्मी असाच विरह भोगशील, आणि चिडलेल्या चंद्राने तो शाप त्याच्यावरही उलटवला होता. चंद्र म्हणजे चंद्रापीड, पुंडरीक म्हणजे वैशंपायन. महाश्वेतेने ज्याला हाकलून शापले तो तिचाच पुंडरीक होता.

इथे जाबाली थांबतात. त्यांचे तोंड बंद झाले. पोपटाला पूर्वजन्म आठवतो, पंख फुटताच तो महाश्वेतेकडे उडतो, वाटेत पकडला जातो आणि चांडाळकन्येच्या पिंजऱ्यात येतो. पोपटाचेही तोंड बंद झाले. उरली ती चांडाळकन्या. ती आपले खरे रूप सांगते, मी लक्ष्मी, पुंडरीकाची आई. आणि राजा, तू चंद्रापीड आहेस. शूद्रक विरक्त का होता याचे उत्तर शेवटच्या काही पानांत मिळते. त्याचे मन आधीच्या जन्मात गुंतलेले होते. राजा आणि पोपट दोघे देह टाकतात. तिकडे वसंतात कादंबरी जपून ठेवलेल्या देहाला मिठी मारते आणि चंद्रापीड जागा होतो. पुंडरीक आकाशातून खाली येतो. दोन लग्ने लागतात.

मुलाचा दावा बऱ्याच अंशी खरा आहे, असे मला वाटते. त्याला आधार आणखी एका ठिकाणी मिळतो. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ आज हरवली आहे, पण तिच्यावरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने केलेल्या ‘कथासरित्सागरा’त हीच कथा साध्या रूपात आहे. तिथेही राजा, निषादकन्या आणि बोलका पोपट आहेत. पण तिथे पोपट हा नायिकेचा बाप, निषादकन्या ही खुद्द नायिका, आणि राजा हा दुसऱ्या जोडीतला, म्हणजे महाश्वेतेच्या जागी असलेल्या मुलीचा मेलेला प्रियकर. चंद्रापीडाच्या जागचा नायक तिथे मरतही नाही. आता चंद्राचे आणि कमळाचे स्वप्न बापाच्या भागात आहे. म्हणजे मूळ कथेतल्या माणसांची अदलाबदल करायची, आणि नायकालाच चंद्राचा अवतार करून दोन जन्मांतून फिरवायचे, हे बापाने आधीच ठरवले होते. मुलाने जुनी कथा उघडून तिच्यातला शेवट जसाच्या तसा आणून डकवला असता तर ती दोन स्वप्ने लटकत राहिली असती. त्याने जुन्या पुस्तकापेक्षा बापाच्या हस्तलिखितावर विश्वास ठेवला.

पेरणी करणाऱ्याने मुद्दामच दुहेरी बी पेरले असेल तर काय होते, ते चार्ल्स डिकन्सच्या बाबतीत दिसले. ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ बारा हप्त्यांत यायची होती. सहा हप्ते लिहून झाले आणि ९ जून १८७० रोजी डिकन्स गेला. ती रहस्यकथा. तिच्यातली प्रत्येक खूण वाचकाला चकवण्यासाठी ठेवलेली असू शकते, त्यामुळे वही वाचून देणे कळतच नाही. डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने सांगून ठेवले होते की खून काकाने करायचा होता आणि शेवटी तो तुरुंगाच्या कोठडीत आपली कथा सांगणार होता. तरी लोक ऐकेनात. १८७३ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या एका छपाईवाल्याने, डिकन्सच्या आत्म्याने माझ्याकडून लिहून घेतले, असे म्हणून उरलेले पुस्तक छापले. १९१४ साली लंडनमध्ये पात्रांवर लुटुपुटीचा खटला भरला, चेस्टरटन न्यायाधीश आणि बर्नार्ड शॉ ज्यूरीचा प्रमुख. शॉने सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला आणि चेस्टरटनने सगळ्यांनाच न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. बाणाच्या मुलाला हा त्रास नव्हता. त्याच्या बापाला काहीही लपवायचे नव्हते, फक्त उशिरा सांगायचे होते.

आता आवाजाकडे येऊ, दंतकथेतल्या परीक्षेकडे. बाणाची ख्याती लांब वाक्यांची. ‘राजा होता’ एवढे सांगायला तो पानभर विशेषणे, उपमा आणि श्लेष रचतो आणि वाचकाला क्रियापदाची वाट पाहायला लावतो. पण हा त्याचा एकच आवाज नव्हे. शुकनास लक्ष्मीचे दुर्गुण सांगतो तेव्हा वाक्ये चार चार शब्दांची होतात आणि दणादण येतात. प्रेमात वाहवत चाललेल्या पुंडरीकाला कपिंजल रागे भरतो तेव्हा नुसते लहान लहान प्रश्न येतात. नक्कल करणारे बहुतेक जण लांब चाल तेवढी उचलतात, कारण ती डोळ्यांत भरते. आणि मग त्यांच्या वाक्यांत समास असतात, पण ते कशासाठी आहेत ते कळत नाही. बाणाचे लांब वर्णन कुठेही येत नाही. कोणीतरी काहीतरी पहिल्यांदा पाहते तिथे ते येते. दरबार चांडाळकन्येला पाहतो, चंद्रापीड अच्छोद पाहतो, महाश्वेता पाहतो, कादंबरी पाहतो.

मुलाच्या वाट्याला आलेल्या कथेत पहिल्यांदा पाहण्यासारखे फारसे उरले नव्हते. सरोवर पाहून झाले होते, नायिका पाहून झाली होती. उरले होते ते निरोप, शोध, मृत्यू, विलाप आणि उलगडे. बापाने साधारण दोन तृतीयांश पुस्तकात दोन भेटी घडवल्या, आणि मुलाला उरलेल्या एक तृतीयांशात मरणे, शाप, जन्म आणि पुनर्भेटी बसवायच्या होत्या. म्हणून त्याने बापाची दुसरी चाल, बोलण्याची आखूड चाल, मुख्य केली. पत्रलेखेचे अर्धे राहिलेले बोलणे पुढे नेताना हा बदल खुपत नाही, कारण तिथे आधीच एक तरुण मुलगी घायकुतीला येऊन बोलते आहे. सांधा लपवायला त्याला जागा बरी मिळाली. तो खुपू लागतो तो पुढे, चंद्रापीड पुन्हा अच्छोदाकडे निघतो तेव्हा. वाट तीच, माणूस बदललेला. बाणाने इथे तेच सरोवर दुसऱ्यांदा, काळजीने भरलेल्या डोळ्यांतून दाखवले असते, असे वाटत राहते. मुलगा गोष्ट पुढे ढकलतो.

आणि उलगडे फार आहेत. शापाला शाप, त्याला तिसरा शाप. कपिंजलाने घाईत एका विमानचारी देवाला ओलांडले म्हणून तो घोडा झाला, हे दोन वाक्यांत उरकले जाते. हिशेब चुकत नाही, पण एकामागून एक येणे वसूल होताना पाहण्यात बाणाच्या भागातली मजा नाही. मुंबईत पीटर पीटरसन याने १८८३ साली बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये ही कथा छापली. पुढे काणे आणि काळे यांच्या टीपांसह निघालेल्या आवृत्त्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी वापरल्या. त्यातली कोणतीही उघडून पूर्वभागातून उत्तरभागात शिरले, तर आपण जोराने पाने उलटू लागलो आहोत हे आपले आपल्यालाच कळते. मुलाची ही कमाई म्हणायची की तोटा, ते वाचणाऱ्याने बाणाकडून काय हवे होते त्यावर ठरेल. बाणाचे ‘हर्षचरित’ही असेच अचानक थांबते, आणि तिथे तर पुढे लिहायला कोणी बसलेच नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे मुलाने स्वतःच्या पदरचे घातले असावे, असा माझा अंदाज आहे. पत्रलेखा ही बापाच्या भागात तांबूल देणारी, कुलूत देशाच्या राजाची बंदी होऊन आलेली मुलगी. ती चंद्रापीडाबरोबर सावलीसारखी असते. दोघांमध्ये काय आहे, याचा बाण एका शब्दानेही खुलासा करत नाही, आणि वाचकाला तो प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. बाणाने तिच्यासाठी स्वप्न पेरलेले नाही, घोड्यासारखी शंकाही पेरलेली नाही. मुलाने तिला सरोवरात बुडवले आणि सगळी लग्ने लागून गेल्यावर कादंबरीच्या तोंडून विचारवले, पत्रलेखा कुठे आहे? चंद्र सांगतो, ती रोहिणी होती, माझी पत्नी, माझ्यापाठोपाठ खाली आली होती, मी तिला परत चंद्रलोकी धाडले आहे. उत्तर बिनतोड आहे, चंद्र आला म्हणजे रोहिणी आलीच. पण बाणाच्या पानांतली जी मुलगी बोलता बोलता थांबली होती, ती रोहिणी असावी असे तिथे कुठेही वाटत नाही. ती नुसती जीव लावणारी, फार काही न बोलणारी परदेशी मुलगी आहे. बाणाने तिचे काय केले असते, याचे उत्तर मुलाकडे नव्हते. म्हणून त्याने तिला आकाशात पाठवून दिले.